पगारवाढीनंतर हातात कमी पैसे : कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांना खुलं पत्र

मा. खासदार, कोल्हापूर लोकसभा मतदारसंघ
आणि
मा. खासदार, हातकणंगले लोकसभा मतदारसंघ
यांना सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात आयकराची विवरणपत्रं भरून देतो. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं पगारदार आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले सुपरवायझर आणि इंजिनिअर, कॉलेजांतले प्राध्यापक, जिल्हा परिषदेचे शिक्षक, बँकांतले कर्मचारी. यांचा कर कंपनी किंवा कार्यालय पगारातूनच कापून घेतं, त्यामुळे लपवायला काही नसतं आणि पळवाटही नसते. या लोकांच्या वतीनं तुम्हा दोघांकडे एकच मागणी घेऊन आलो आहे. आयकराचे टप्पे, स्टँडर्ड डिडक्शन आणि करमाफीची मर्यादा दरवर्षी महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप वाढावी, अशी तरतूद आयकर कायद्यात झाली पाहिजे.

मागणी कोरडी वाटेल, म्हणून आधी एक हिशेब मांडतो. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ शिरोलीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात आहेत. ते राहतात कोल्हापूर शहरात, कामाला जातात हातकणंगले तालुक्यात. त्यांच्यासारख्या कुणाचं नेमकं काय होतं ते कळावं म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. पीएफ आणि व्यवसाय कर बाजूला ठेवतो, कारण मूळ मुद्दा त्यानं बदलत नाही.

२०२५-२६ मध्ये एकूण पगार १२ लाख ७५ हजार. नव्या करप्रणालीत ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख. टप्प्यांनुसार पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार. म्हणजे कर होतो ६० हजार. पण १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला ६० हजारांपर्यंत सूट आहे, म्हणून भरायचा कर शून्य. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ असं जे आपण ऐकतो ते या सुटीमुळे. कर लागतोच, फक्त तो माफ होतो. हा बारकावा पुढे महागात पडतो.

आता समजा महागाई ४ टक्के झाली आणि कंपनीनं पगारही ४ टक्केच वाढवला. महागाई भरून निघाली, त्याहून एक रुपया जास्त नाही. पगार झाला १३ लाख २६ हजार, करपात्र उत्पन्न १२ लाख ५१ हजार. बारा लाखांची रेघ ओलांडली, म्हणून ती सूट पूर्ण गेली. टप्प्यांनुसार कर आला ६७,६५० रुपये. इथे मार्जिनल रिलीफ नावाची तरतूद मदतीला येते. बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न असेल त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, असं ती सांगते. उत्पन्न ५१ हजारांनी वर आहे, म्हणून कर ५१ हजार. त्यावर ४ टक्के उपकर २,०४० रुपये. एकूण ५३,०४० रुपये.

पगार वाढला होता ५१ हजारांनी. म्हणजे सगळी पगारवाढ करात गेली आणि वर २,०४० रुपये खिशातून गेले. महिन्याच्या स्लिपवर बघितलं तर वरच्या बाजूला ४,२५० रुपये वाढलेले दिसतात आणि खालच्या बाजूला कपातीत ४,४२० रुपयांचा टीडीएस नव्यानं येतो. हातात दरमहा १७० रुपये कमी. ‘पगार वाढला आणि हातात कमी आलं, असं कसं ओ?’ हा प्रश्न मला टेबलासमोर बसून विचारला जातो आणि मी कॅल्क्युलेटर फिरवून हिशेब बरोबर आहे एवढंच दाखवू शकतो. १२ लाख ७५ हजारांवरून निघालेल्या माणसाला, हातात आधीइतकेच पैसे यायचे तरी पगार साधारण १३ लाख ४९ हजारांवर न्यावा लागतो. त्याच्या आधीची प्रत्येक वाढ त्याला आधीपेक्षा मागेच ठेवते.

आकड्यात घट २,०४० रुपयांची दिसते. खरी घट त्याहून मोठी आहे, कारण किराणा, शाळेची फी, घरभाडं हे सगळं ४ टक्क्यांनी वर गेलंय. हातात आलेले १२ लाख ७२ हजार ९६० रुपये आदल्या वर्षीच्या भावानं मोजले तर ते १२ लाख २४ हजारच भरतात. म्हणजे वर्षभरात ५१ हजारांची खरेदीची ताकद गेली. त्या माणसाला बढती मिळालेली नाही, कामाचे तास बदललेले नाहीत, कंपनीनंही काही काढून घेतलेलं नाही.

आणखी एक वर्ष पुढे जाऊ. पुन्हा महागाई ४ टक्के, पुन्हा पगारवाढ ४ टक्के, टप्पे तसेच. पगार १३ लाख ७९ हजार ४० रुपये, कर आणि उपकर मिळून ७८,६३० रुपये. दोन वर्षांपूर्वी कर पगाराच्या शून्य टक्के होता, मग ४ टक्के झाला, आता ५.७ टक्के. खऱ्या अर्थानं पगार एक रुपयानंही वाढलेला नाही. अर्थशास्त्रात याला ब्रॅकेट क्रीप म्हणतात, आणि याच वाटेनं सरकारची वसुली आपोआप फुगत जाऊन लोकांच्या हातातला खर्च आटतो त्याला फिस्कल ड्रॅग.

याच उदाहरणात टप्पे ४ टक्क्यांनी वाढले असते तर काय झालं असतं तेही बघा. स्टँडर्ड डिडक्शन ७८ हजार, करमाफीची मर्यादा १२ लाख ४८ हजार. पगार १३ लाख २६ हजार, त्यातून ७८ हजार गेले की राहतात १२ लाख ४८ हजार. कर शून्य. आदल्या वर्षीसारखाच, कारण माणसाची ऐपतही आदल्या वर्षीइतकीच आहे.

कुणी म्हणेल, हे बाराच्या रेघेवर उभ्या असलेल्या माणसांचं झालं, बाकीच्यांना त्याचं काय? बाकीच्यांना धक्का बसत नाही, झीज होते. करपात्र १५ लाख असलेल्या माणसाचा कर १ लाख ५ हजार येतो. पगार ४ टक्क्यांनी वाढला आणि डिडक्शन ७५ हजारांवरच राहिलं की कर होतो १ लाख १४ हजार ४५०. हा माणूस आधीही १५ टक्क्यांच्या टप्प्यात होता आणि आताही तिथेच आहे. तरी पगार ४ टक्के वाढला तेव्हा कर ९ टक्के वाढला. करमुक्त आणि कमी दराचा भाग जागचा हलत नाही आणि वाढलेला प्रत्येक रुपया वरच्या दरानं कापला जातो, हे त्याचं कारण. लोकांना वाटतं की टप्पा बदलला तरच नुकसान होतं. टप्पा न बदलताही ते होत राहतं, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

ज्याला स्वतःचं तपासायचं असेल त्यानं लागोपाठच्या दोन वर्षांचे फॉर्म १६ समोर ठेवावेत. प्रत्येक वर्षी भरलेला एकूण कर भागिले एकूण पगार, एवढंच करायचं. पगार महागाईइतकाच वाढलेला असताना ही टक्केवारी वर सरकली असेल, तर ती वाढ टप्पे गोठल्यामुळे आलेली आहे. बढती मिळाली असेल किंवा नोकरी बदलून पगार बराच वाढला असेल, तर वाढलेल्या कराचा काही भाग रास्त आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जास्त कमावणाऱ्यानं जास्त टक्के द्यावेत, हे तत्त्व मला मान्य आहे. माझी तक्रार फक्त न झालेल्या कमाईवर लागणाऱ्या कराबद्दल आहे.

आता तुम्ही मला २०२५ च्या अर्थसंकल्पाची आठवण कराल. करालच, आणि ते योग्यही आहे. त्या वर्षी नव्या प्रणालीत करमुक्त टप्पा ४ लाखांवर गेला, ३० टक्क्यांचा दर २४ लाखांच्या पुढे ढकलला गेला आणि सुटीची मर्यादा ७ लाखांवरून १२ लाख झाली. ही खरी आणि मोठी सवलत होती. माझ्या टेबलावर तिचा परिणाम लगेच दिसला. पण ती येईपर्यंत काय चाललं होतं तेही मोजलं पाहिजे.

जुन्या, वजावटी देणाऱ्या प्रणालीत साठ वर्षांखालच्या माणसाची अडीच लाखांची करमुक्त मर्यादा जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात ठरली. बचत-गुंतवणुकीवर वजावट देणाऱ्या कलम ८० सी ची दीड लाखांची मर्यादाही त्याच अर्थसंकल्पातली, आणि राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची दोन लाखांची वजावटही. १० लाखांवर ३० टक्के हा टप्पा त्याहून जुना, २०१२-१३ पासूनचा. मधल्या काळात २०१७ मध्ये पहिल्या टप्प्याचा दर १० वरून ५ टक्के झाला आणि २०१९ मध्ये ५ लाखांपर्यंत सूट आली, पण हे मूळ आकडे हलले नाहीत. घरकर्ज चालू असलेले, आईवडिलांचा विमा भरणारे, घरभाडं देणारे कित्येक जण जुन्या प्रणालीतच राहिले. त्यांच्यासाठी घड्याळ २०१४ वरच थांबलं.

ते किती मागे राहिलं हे मोजायला बाहेरचा कुठला आकडा आणायची गरज नाही. अर्थ मंत्रालयाचं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ दरवर्षी कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स, म्हणजे खर्च महागाई निर्देशांक, अधिसूचित करतं. २००१-०२ हे त्याचं पायाभूत वर्ष, तेव्हाचा आकडा १००. २०१२-१३ ला तो २०० होता, २०१४-१५ ला २४० आणि २०२५-२६ ला ३७६. या आकड्यांनी मोजलं तर २०१४ चे अडीच लाख २०२५-२६ मध्ये सुमारे ३ लाख ९२ हजार व्हायला हवे होते. ८० सी चे दीड लाख २ लाख ३५ हजार, आणि ३० टक्क्यांचा टप्पा १० लाखांऐवजी १८ लाख ८० हजारांवर सुरू व्हायला हवा होता. हा निर्देशांकही हात आखडून मोजलेला आहे. शहरी ग्राहक किंमत निर्देशांकात आदल्या वर्षी झालेल्या वाढीच्या फक्त ७५ टक्के वाढ तो धरतो. खरी महागाई त्याहून जास्तच होती.

नव्या प्रणालीचे आजचे आकडे या हिशेबाच्या थोडे पुढेच आहेत. ते मी नाकारत नाही. पण मधल्या वर्षांत दरसाल थोडा थोडा जास्त घेतलेला कर परत आला नाही, येणारही नाही. आणि २०२५ चे आकडेही जाहीर झाल्या दिवसापासूनच झिजायला लागले. सरकारनंच रिझर्व्ह बँकेला ४ टक्के महागाईचं लक्ष्य दिलेलं आहे. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं, काहीही बिघडलं नाही, तरी पाच वर्षांत भाव सुमारे २२ टक्क्यांनी चढणार. त्या वेळी १२ लाखांची मर्यादा जागेवर टिकवायची तर ती १४ लाख ६० हजारांवर न्यावी लागेल. चढणारा भाव सरकारच्या नियोजनात आहे, पण करटप्प्यांच्या नियोजनात नाही.

हा खर्च महागाई निर्देशांक आतापर्यंत कुणासाठी वापरला गेला तेही सांगतो. जमीन, घर विकणाऱ्यासाठी. राजारामपुरीतला वडिलांच्या काळचा प्लॉट विकला तर त्याची खरेदी किंमत या निर्देशांकानं वाढवून मगच नफा मोजायचा, अशी सोय वर्षानुवर्षं होती. कारण साधं आणि बरोबर होतं. महागाईमुळे फुगलेला भाव हा नफा नसतो. २३ जुलै २०२४ पासून ही सोय काढली, तरी त्याआधी घेतलेल्या जमिनी आणि घरांसाठी निवासी व्यक्तींना जुन्या पद्धतीनं कर मोजायचा पर्याय नंतर ठेवावा लागला, आणि त्यासाठी निर्देशांक अजूनही निघतो. प्लॉटच्या किमतीतली फुगवटी सरकारला समजते. पगारातली फुगवटी मात्र उत्पन्न म्हणून मोजली जाते.

महागाई भत्त्याचं तर याहून उघड आहे. केंद्र सरकार औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, महागाई भत्ता ठरवतं. राज्य सरकारही त्याच मार्गानं जातं. भाव इतके चढले, म्हणून तेवढी भरपाई द्यायला हवी, असं सरकार स्वतः मोजून, टक्केवारीसह कबूल करतं. मग तीच भरपाई पूर्ण करपात्र धरतं आणि ती पगाराच्या सर्वांत वर बसते म्हणून तिच्यावर त्या माणसाचा सर्वांत वरचा दर लागतो. आमच्याकडच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला भत्त्याची थकबाकी एकाच वर्षात मिळाली की करात दिलासा मागण्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो दिलासा थकबाकीपुरता आहे. दरवर्षीच्या गोठलेल्या टप्प्यांवर असा कुठलाच फॉर्म नाही.

दिल्लीत या मागणीला दोन उत्तरं मिळतात. पहिलं महसुलाचं. २०२५ च्या सवलतीमुळे प्रत्यक्ष करांतला सुमारे १ लाख कोटींचा महसूल सोडावा लागला असं अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं होतं. एवढा मोठा आकडा एकदम आला, कारण मधली वर्षं टप्पे महागाईनुसार हलवलेच नव्हते. दरसाल तीन-चार टक्क्यांनी ते सरकले असते तर हा खड्डा एका वर्षात पडला नसता आणि अर्थसंकल्पाचं गणितही आधीच त्याप्रमाणे बसलं असतं. दुसरं उत्तर असं की महागाई भडकली असताना लोकांच्या हातातला पैसा थोडा कमी होणं अर्थव्यवस्थेला बरंच असतं. त्यात तथ्य आहे. पण मागणीवर लगाम घालायला रिझर्व्ह बँकेच्या हातात व्याजदर आहे आणि सरकारच्या हातात कराचा दर आहे. दर वाढवायचा तर वाढवा, पण संसदेत विधेयक आणून, कारण सांगून वाढवा. टप्पे गोठवून कर वाढवला तर त्यावर मतदान होत नाही, चर्चाही होत नाही.

याच कारणासाठी मी हे पत्र अर्थ मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली हा प्रश्न दोन साध्या खासदारांनी सोडवला. जेफ रूकर आणि ऑड्री वाइज हे दोघे तेव्हाच्या सत्ताधारी मजूर पक्षाचे, मंत्रिपद नसलेले. त्यांनी स्वतःच्याच सरकारच्या वित्त विधेयकाला दुरुस्ती सुचवली की वैयक्तिक करमुक्त मर्यादा दरवर्षी महागाईनुसार वाढावी, आणि सरकारला ती वाढवायची नसेल तर त्यानं संसदेसमोर येऊन तसं सांगावं. हुजूर पक्षाच्या नायजेल लॉसन यांनी पाठिंबा दिला आणि दुरुस्ती मंजूर झाली. त्या देशात आजही सरकारं मर्यादा गोठवतात. एप्रिल २०२१ पासून ती १२,५७० पौंडांवर गोठलेली आहे. पण ती गोठवायला उघड निर्णय घ्यावा लागतो, म्हणून त्याची चर्चा होते, त्यातून किती पैसा गोळा होणार याचे अंदाज प्रसिद्ध होतात आणि सरकारला जाब विचारला जातो. अमेरिकेनं १९८१ मध्ये कायदा करून १९८५ पासून टप्पे निर्देशांकाला जोडले, कॅनडानं १९७४ पासून.

तुमच्यापैकी एक विरोधी बाकांवर बसतात, एक सत्ताधारी. रूकर-वाइज दुरुस्तीही दोन्ही बाजूंच्या मतांनीच पास झाली होती. आपल्याकडची अडचण मला माहीत आहे. आयकरात राज्यांचा वाटा असल्यामुळे त्यात बदल करणारी दुरुस्ती संविधानाच्या अनुच्छेद २७४ प्रमाणे राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, म्हणजे सरकारची तयारी लागते. ब्रिटनसारखं एका रात्रीत सरकारला हरवून हे होणार नाही. १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला, तेव्हा ही तरतूद घालायची उत्तम संधी होती. कलमांची भाषा सुटसुटीत झाली, टप्पे मात्र पुन्हा ठोक रुपयांतच लिहिले गेले.

पण प्रश्न विचारायला कुणाची शिफारस लागत नाही. पुढच्या अधिवेशनात तुम्ही दोघांनी मिळून अर्थमंत्र्यांना लोकसभेत तारांकित प्रश्न विचारावा, ही माझी विनंती आहे. प्रश्न असा असावा : २०१४-१५ पासून वैयक्तिक आयकराच्या वसुलीत झालेल्या वाढीपैकी किती वाढ खऱ्या उत्पन्नवाढीतून आली आणि किती वाढ टप्पे, वजावटी आणि सुटीच्या मर्यादा महागाईनुसार न वाढवल्यामुळे आली, याचा अंदाज सरकारनं काढला आहे का? काढला असल्यास तो वर्षनिहाय सभागृहासमोर ठेवावा. नसल्यास, खर्च महागाई निर्देशांक दरवर्षी तयार होत असताना तो करटप्प्यांना न लावण्याचं कारण काय? पुढच्या वित्त विधेयकात तसा बदल करण्याचा सरकारचा विचार आहे का?

विवरणपत्रांचा हंगाम संपला की शिरोलीचे ते गृहस्थ आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण यायला तयार आहेत. नावं झाकलेल्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ च्या प्रती आम्ही तुमच्या संपर्क कार्यालयात आणून देऊ, म्हणजे प्रश्नाला जोडायला जिल्ह्यातलेच आकडे हाताशी राहतील. वेळ कळवावी.

आपला,
कोल्हापुरातला एक कर सल्लागार